अरबीतले नकार: लम, ला, लन, मा. इंग्रजीत नेताना काळ कसा सांभाळायचा?

मृण्मयी_प

नमस्कार मंडळी. मी पुण्यात अरबी-इंग्रजी भाषांतराची कामं करते. बहुतेक व्यापारी पत्रव्यवहार असतो, क्वचित करारही. तीन वर्षं अरबी शिकले आहे, पण गेल्या आठवड्यात एका वाक्यात अशी अडकले की म्हटलं इथेच विचारावं. इथे अरबी अक्षरं नीट उमटत नाहीत, म्हणून सगळं देवनागरीत लिहिते.

पत्र आखातातल्या एका विक्रेत्याचं होतं, इकडच्या ग्राहकाला लिहिलेलं. त्यात तीन वाक्यं लागोपाठ होती.

पहिलं: "लम नस्तलिम अल-मब्लग हत्ता अल-आन."
दुसरं: "लन नुर्सिल अल-बदाअ कब्ल इस्तिलाम अल-मब्लग."
तिसरं: "वनह्नु ला नतहम्मल मसऊलिय्यत अत्तअखीर."

मब्लग म्हणजे रक्कम, बदाअ म्हणजे माल, आणि तअखीर म्हणजे उशीर. पहिल्या वाक्याचं मी इंग्रजी केलं, "वी डिड नॉट रिसीव्ह द अमाउंट अनटिल नाऊ." लम म्हणजे भूतकाळ, हत्ता अल-आन म्हणजे आत्तापर्यंत, म्हणून मला ते बरोबर वाटलं. पण ते वाचून ग्राहकाने पैसे आज पोहोचले असं धरलं, आणि दोन दिवस कुणीच बँकेत चौकशी केली नाही. चूक माझीच होती. ती नेमकी कुठे झाली ते मला आता समजून घ्यायचं आहे.

म्हणून दोन प्रश्न. लम आला की इंग्रजीत नेहमी साधा भूतकाळच का? आणि लनला "नेव्हर" लिहायचं की "विल नॉट"? आमच्या एका शिक्षकांनी "नेव्हर" सांगितलं होतं.

---

घाटावरचा

हे सोपं आहे ताई. ला म्हणजे वर्तमान, लम म्हणजे भूत, लन म्हणजे भविष्य. एवढं पाठ केलं की झालं. ला यक्तुबु, तो लिहीत नाही. लम यक्तुब, त्याने लिहिलं नाही. लन यक्तुब, तो लिहिणार नाही. ला भूतकाळी क्रियापदाबरोबर कधीच येत नाही, एवढंच लक्षात ठेवा. मी दोन वर्षं याच सूत्रावर चाललोय.

---

इंग्रजीमास्तर

मला अरबी येत नाही. इंग्रजी मात्र एकतीस वर्षं शिकवलं आहे, म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो.

मृण्मयी, चूक लममध्ये नाही, "अनटिल नाऊ"मध्ये आहे. इंग्रजीत "डिड नॉट... अनटिल" म्हटलं की ती गोष्ट त्या क्षणी घडली असाच अर्थ निघतो. "आय डिड नॉट ईट अनटिल नाइन" म्हणजे मी नऊला जेवलो. तुमचं वाक्य वाचून ग्राहकाला पैसे आत्ता मिळाले असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

मराठीत हा फरक आपण सहज करतो. "आत्तापर्यंत पैसे मिळाले नव्हते" असं कुणी म्हणालं की ऐकणारा म्हणतो, म्हणजे आता मिळाले तर. "अजून पैसे मिळालेले नाहीत" म्हणालं की तसं कुणी म्हणत नाही. तुम्हाला दुसरं वाक्य हवं होतं. त्याचं इंग्रजी, "वी हॅव नॉट येट रिसीव्ह्ड द अमाउंट."

एक शंका आहे, ती अरबीवाल्यांनी सोडवावी. लमला "हॅव नॉट" चालतं का? की त्यासाठी अरबीत वेगळा शब्द आहे?

---

दापोलीकर

मी अठरा वर्षं आखातात बांधकामावर फोरमन होतो. आमच्याकडे लम, लन हे कुणी बोलतच नव्हतं. सगळं "मा". मा अरिफ म्हणजे माहीत नाही. मा यजी म्हणजे येत नाही. मा जा म्हणजे आला नाही. आणि आम्हा परदेशी माणसांची "मा फी" तर सगळीकडे चालायची. मा फी फुलूस, पैसे नाहीत. मा फी मालूम, माहीत नाही. काल, आज, उद्या, सगळ्याला मा फी. अरब मुकादमही आमच्याशी तसंच बोलायचा, त्यामुळे कधी अडलं नाही. म्हणून मला कळत नाही, पुस्तकात एवढे प्रकार हवेत कशाला?

---

नह्वप्रेमी

धागा वाचून फार आनंद झाला. मी मालेगावचा. मदरशात अरबी व्याकरण शिकलो आणि आता तेच शिकवतो. एकेकाला उत्तर देतो.

दापोलीकर चाचा, तुमचं निरीक्षण खरं आहे. बोलीत लम आणि लन जवळजवळ उरलेच नाहीत. आखातात मा, आणि मिसरमध्ये मा आधी ठेवून क्रियापदाच्या शेवटी "श" जोडतात. मा कतब्श म्हणजे लिहिलं नाही, मिश हयिक्तिब म्हणजे लिहिणार नाही. बोलीत काळ क्रियापदच सांगतं, त्यामुळे नकाराच्या शब्दावर तो भार पडत नाही. लेखी अरबीत उलट आहे. तिथे लम यक्तुब आणि लन यक्तुब यांत क्रियापद तेच, वर्तमानाचं. भूत की भविष्य, हे फक्त त्या छोट्या शब्दावरून ठरतं. म्हणून पत्र वाचताना म आणि न यांतला फरक डोळ्यांतून सुटला तर सगळं वाक्य उलटतं.

मास्तर, तुमच्या शंकेचं उत्तर असं की लम दोन्हीकडे जातो. "लम यह्दुर अम्स", तो काल हजर नव्हता, इथे "डिड नॉट" लागेल. "लम यह्दुर बअद", तो अजून आलेला नाही, इथे "हॅज नॉट येट". अम्स म्हणजे काल, बअद म्हणजे अजून. लम एवढंच सांगतो की झालं नाही. ते बंद झालेल्या काळात झालं नाही की बोलण्याच्या क्षणापर्यंत झालं नाही, हे बाजूचा शब्द सांगतो. मृण्मयीताईंच्या वाक्यात हत्ता अल-आन होतं, म्हणून "हॅव नॉट येट". बाजूला काहीच नसेल तर संदर्भ पाहावा लागतो, आणि तिथे भाषांतरकाराला निर्णय घ्यावा लागतो.

मास्तरांनी विचारलेला वेगळा शब्दही आहे, लम्मा. "लम्मा यह्दुर" म्हणजे अजून आला नाही, पण येण्याची अपेक्षा आहे. कुरआनात सूरह अल-हुजुरातच्या १४व्या आयतीत लम आणि लम्मा शेजारी-शेजारी आले आहेत. वाळवंटातले अरब म्हणाले, आम्ही श्रद्धा ठेवली. उत्तर आलं, लम तुअमिनू, तुम्ही श्रद्धा ठेवलेली नाही, आम्ही शरण आलो एवढंच म्हणा, कारण लम्मा यद्खुलिल ईमानु, श्रद्धा अजून तुमच्या अंतःकरणात शिरलेली नाही. पहिल्या नकारात फक्त नकार आहे. दुसऱ्यात दार उघडं ठेवलं आहे. इंग्रजीत ते "येट" या एका शब्दाने येतं, आणि तो गाळला तर आयतीतली आशाच जाते.

आजच्या वर्तमानपत्रांत मात्र नकाराचा लम्मा क्वचित दिसतो. तिथे लम आणि बअद अशी जोडी वापरतात. आणि लम्मा नंतर भूतकाळी क्रियापद आलं, लम्मा कतब, तर तो नकार नाहीच. तिथे अर्थ "जेव्हा त्याने लिहिलं". नव्या विद्यार्थ्याची इथे हमखास फसगत होते.

---

व्याकरणवेडी

नह्वप्रेमी भाऊ, सुंदर. आपल्याकडे बरोबर उलटं आहे हे बघून गंमत वाटली. "लिहीत नाही, लिहिलं नाही, लिहिणार नाही" यात "नाही" तोच राहतो आणि क्रियापद बदलतं. अरबीत क्रियापद तेच राहतं आणि नकार बदलतो.

पण आपल्याकडेही नकार कधीकधी स्वतःच काळ घेतो की. नाही, नव्हता, नसेल. आणि नको, नये हे तर वेगळेच. अरबीत "लिहू नको" कसं म्हणतात?

---

नह्वप्रेमी

ताई, तोच ला. ला तक्तुबु म्हणजे तू लिहीत नाहीस. ला तक्तुब म्हणजे लिहू नकोस. फरक शेवटच्या उकाराचा, आणि तो उकार रोजच्या छापील मजकुरात लिहीतच नाहीत. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

घाटावरचा भाऊ, तुमचं सूत्र सुरुवातीला चांगलं आहे, पण दोन ठिकाणी सांभाळा. ला भूतकाळी क्रियापदाबरोबर येतो. दोनदा आला तर "हेही नाही, तेही नाही". सूरह अल-कियामाच्या ३१व्या आयतीत "फला सद्दक वला सल्ला" आहे, त्याने ना मानलं, ना नमाज पढली. इंग्रजीत तिथे "नीदर, नॉर". आणि एकदाच आला तर बहुधा दुआ किंवा शाप असतो. "ला शल्लत यदाक", तुझे हात कधी लुळे न पडोत. शाबासकी देताना म्हणतात. त्याचं कुणी "युअर हँड्स डिड नॉट विदर" केलं तर सगळं गेलं. तिथे "मे" लागेल.

दुसरं ठिकाण पुढे आपोआप निघेलच.

---

सांगलीची_सई

मी अरबी शिकलेली नाही, पण वाचताना एक लक्षात आलं. आपल्या लाचार, लाजवाब, लापता, लावारिस यातला ला हाच का? मग लाचार म्हणजे वर्तमानकाळातला नकार का?

---

नह्वप्रेमी

ला तोच, सई ताई, पण इथे तो क्रियापदाला नव्हे, नामाला लागला आहे. अरबीत "ला शक्क" म्हणजे शंकाच नाही, त्या जातीची एकही नाही. तिथे काळाचा प्रश्न येत नाही. लाचारमधला चार हा फारसी, चारा म्हणजे उपाय. अरबी नकाराला फारसी नाम जोडून तो शब्द झाला आणि तसाच मराठीत रुळला. इंग्रजीत अशा लाला "नो" लागतो, "नॉट" नाही. "देअर इज नो डाउट."

---

वाचनखुणा

लनबद्दल मला बोलायचं आहे. मृण्मयीच्या शिक्षकांसारखंच मलाही शिकवलं गेलं की लन म्हणजे ठाम, कायमचा नकार, इंग्रजीत "नेव्हर". आणि आधार म्हणून सूरह अल-अराफची १४३वी आयत सांगितली होती. मूसा म्हणतात, मला तुझं दर्शन दे. उत्तर येतं, "लन तरानी", तू मला पाहणार नाहीस. तिथे "नेव्हर"च शोभतं ना?

---

नह्वप्रेमी

वाचनखुणा, याच आयतीवर शतकानुशतकं वाद झाला आहे. झमख्शरी, ज्यांचा काळ १०७५ ते ११४४, यांच्या नावावर हे मत सांगितलं जातं की लन नकाराला जोर देतो आणि तो कायमचा करतो. ते मुअतझिला विचाराचे होते. त्या विचारात ईश्वराचं दर्शन परलोकातही होणार नाही, म्हणून लन कायमचा असणं त्यांच्या बाजूला सोयीचं होतं. नंतरच्या अनेक वैयाकरणांनी हे मानलं नाही. १३६० साली कैरोत वारलेले इब्न हिशाम त्यांतले एक.

त्यांची दोन उदाहरणं मला फार पटतात. सूरह मरयमच्या २६व्या आयतीत मरयमना सांगायला सांगितलं आहे, "फलन उकल्लिमल यौम इन्सिय्या", आज मी कुठल्याही माणसाशी बोलणार नाही. लन कायमचा असता तर "अल-यौम", आज, हा शब्द त्याच्या शेजारी बसलाच नसता. आणि सूरह अल-बकराच्या ९५व्या आयतीत "वलन यतमन्नौहु अबदा" आहे, ते त्याची इच्छा कधीच करणार नाहीत. लनमध्येच "कधीच" असता तर अबदा पुन्हा कशाला?

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, लनला "विल नॉट". शेजारी अबदा दिसला तर "नेव्हर". भूतकाळात तेच काम "कत्त" हा शब्द करतो. "मा रऐतुहु कत्त", मी त्याला कधीच पाहिलं नाही. "नेव्हर" लिहायला कागदावर असा काही पुरावा असावा.

---

वाचनखुणा

मरयमचं उदाहरण मान्य. पण नकाराला जोर तरी असतोच की. ला यक्तुबुसुद्धा संदर्भाने भविष्यात जातो, तो लिहीत नाही म्हणजे लिहिणार नाही. मग लन मुद्दाम निवडणाऱ्याने काहीतरी जास्त म्हटलंच असेल. ते सपाट "विल नॉट"मध्ये हरवतं असं मला अजून वाटतं. नेत्याच्या भाषणातला "लन नस्तस्लिम" घ्या, आम्ही शरण जाणार नाही. त्याला मी "वी विल नेव्हर सरेंडर" करीन.

---

नह्वप्रेमी

भाषणात मीही कदाचित तसंच करीन. करारात किंवा पत्रात नाही. यावर आपलं एकमत होईल असं मला वाटत नाही, आणि जुन्या लोकांचंही झालेलं नाही.

---

इंग्रजीमास्तर

मृण्मयीच्या दुसऱ्या वाक्यापुरतं मात्र नह्वप्रेमींचंच बरोबर. "लन नुर्सिल", रक्कम मिळण्याआधी माल पाठवणार नाही. "वी विल नॉट डिस्पॅच द गुड्स बिफोर रिसीट ऑफ द अमाउंट." इथे "नेव्हर" टाकला तर विक्रेता चिडलेला वाटतो, आणि त्याने तसं काही लिहिलेलं नाही. तिसऱ्या वाक्यातला ला साधा वर्तमान, "वी अ‍ॅक्सेप्ट नो रिस्पॉन्सिबिलिटी फॉर द डिले." "डू नॉट बेअर" चुकीचं नाही, पण इंग्रजी पत्रात नकार नामाकडे सरकवलेला बरा वाटतो.

---

आखातवासी

मस्कतहून लिहितोय. माझं काम कार्यालयातलं, रोज अरबी निविदा आणि नोटिसा हातात येतात. मी लम आणि लन वेगळे ओळखायला एक युक्ती वापरतो. छपाई पुसट असेल किंवा फॅक्स असेल तर म आणि न सहज गोंधळतात, म्हणून पुढचं क्रियापद पाहतो. ला यकूलु, म्हणत नाही. लन यकूल, म्हणणार नाही. पण लम यकुल, म्हटलं नाही. लमपुढे मधलं वाव हे अक्षर गळतं, लनपुढे राहतं. शेवटी य असलेलं क्रियापद असेल तर तो य लमपुढे गळतो, लनपुढे टिकतो. लम यर्मि, लन यर्मिय. कागदावर एक अक्षर कमी दिसलं की मी लम धरतो.

---

नह्वप्रेमी

फार उपयोगी सांगितलंत. फक्त यक्तुबसारख्या, मध्ये किंवा शेवटी अशी गळणारी अक्षरं नसलेल्या क्रियापदांत ही खूण मिळत नाही, आणि यक्तुबून या अनेकवचनातही नाही. त्याचा शेवटचा न लमपुढेही गळतो आणि लनपुढेही. दोन्हीकडे यक्तुबूच. तिथे पुन्हा तारीख, काल, उद्या असे शब्द शोधायचे.

---

आखातवासी

मान्य. आता एक माझी अडचण. नोटिशीत नेहमी येतं, "इन लम यतिम्म अद्दफ्अ खिलाल उस्बूअ". पैसे आठवड्यात भरले नाहीत तर. माझ्या हाताखालच्या मुलाने केलं, "इफ द पेमेंट वॉज नॉट मेड विदिन अ वीक". मी ते कापून "इज नॉट मेड" केलं. तो म्हणाला, सर, लम म्हणजे भूतकाळ. मला कारण सांगता आलं नाही.

---

नह्वप्रेमी

हेच ते दुसरं ठिकाण, घाटावरचा भाऊ. "इन" म्हणजे जर. तो लमच्या आधी बसला की लम भूतकाळ सोडतो, कारण "जर" सगळ्याच गोष्टीला पुढे ढकलतो. अल-बकराच्या २४व्या आयतीत हे एका दमात दिसतं. "फइन लम तफ्अलू, वलन तफ्अलू", तुम्ही ते केलं नाही तर, आणि तुम्ही करणार नाहीच. क्रियापदाचं रूप दोन्हीकडे एकच, तफ्अलू. पहिल्यापुढे लम, दुसऱ्यापुढे लन, आणि दोन्हींचा काळ पुढचाच. इंग्रजीत पहिला "इफ यू डू नॉट", दुसरा "यू विल नॉट". तुमचं "इज नॉट मेड" अगदी योग्य होतं.

---

व्याकरणवेडी

आणि मराठीत आपण "भरले नाहीत तर" म्हणतो! रूप भूताचं, अर्थ पुढचा. त्या मुलाला हे सांगा. मराठी माणसाला लमचं हे वागणं परकं वाटायला नको.

---

आखातवासी

खरंच की. तो नाशिकचाच आहे, लगेच समजेल.

---

दापोलीकर

माझ्या माबद्दल कुणी बोललंच नाही. लेखी अरबीत तो आहे की नाही?

---

नह्वप्रेमी

आहे चाचा, आणि मला तो सगळ्यांत प्रिय आहे. मा कतब, त्याने लिहिलं नाही. लम यक्तुबचा अर्थही तोच, मग दोन कशाला? आठव्या शतकातल्या सीबवैहींनी आपल्या "अल-किताब"मध्ये याचं उत्तर दिलं आहे. ते म्हणतात, प्रत्येक नकार एका होकाराला उत्तर असतो. कुणी म्हणालं "फअल", त्याने केलं, तर नकार "लम यफ्अल". कुणी म्हणालं "कद फअल", त्याने करून झालंय, तर नकार "लम्मा यफ्अल". कुणी जोर देऊन म्हणालं "लकद फअल", त्याने खरोखर केलं आहे, तर नकार "मा फअल". आणि "सौफ यफ्अल", तो करील, याला नकार "लन यफ्अल". मला हे कळल्यापासून मी काळ नंतर विचारतो. आधी विचारतो, हा नकार कोणत्या बोलण्याला उत्तर आहे?

म्हणून मा बऱ्याचदा आरोप खोडताना येतो. सूरह अद-दुहा ज्या प्रसंगी उतरली असं सांगतात, त्यात विरोधक टोमणे मारत होते की मुहम्मदांना त्यांच्या रब्बने सोडून दिलं. उत्तर आलं, "मा वद्दअक रब्बुक वमा कला", तुझ्या रब्बने तुला सोडलेलं नाही, आणि तो नाराजही नाही. इथे लम असता तर नुसती माहिती झाली असती.

---

व्याकरणवेडी

म्हणजे "लम अकुल" हे "मी म्हणालो नाही" आणि "मा कुल्तु" हे "मी म्हणालोच नाही"! आपला "च".

---

नह्वप्रेमी

ताई, वीस वर्षं शिकवतोय, यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नव्हतं. उद्याच वर्गात सांगतो. दर वेळी च लागेल असं नाही, पण वादाच्या जागी लागतोच.

---

इंग्रजीमास्तर

इंग्रजीला "च" नाही, पण जवळपास पोहोचता येतं. "आय नेव्हर सेड दॅट." या "नेव्हर"मध्ये कधीच हा अर्थ नाही, ठाम नाकारणं आहे. किंवा "आय सेड नो सच थिंग". म्हणजे वाचनखुणा, तुमचा "नेव्हर" लनपेक्षा माच्या वाट्याला जास्त जातो असं मला दिसतं.

---

वाचनखुणा

मास्तर, बोलण्याच्या वाक्यात पटतं. अद-दुहामध्ये मात्र "हॅज नॉट फोर्सेकन"च ठेवीन. तिथे "नेव्हर" आला तर वाचणारा काळच मोजत बसेल.

एक विचारू? सूरह अल-इख्लासमध्ये "लम यलिद वलम यूलद" आहे. लम म्हणजे झालं नाही. मग जुन्या इंग्रजी भाषांतरांत "ही बिगेटेथ नॉट", वर्तमान का?

---

नह्वप्रेमी

पिक्थॉलनी १९३०मध्ये "ही बिगेटेथ नॉट नॉर वॉज बिगॉटन" केलं, एक वर्तमान, एक भूत. युसुफ अलींनी १९३४मध्ये दोन्ही वर्तमानात ठेवले. ज्याला काळ लागू नाही त्याच्याबद्दल बोलताना "डिड नॉट" म्हटलं तर पुढे होईल का अशी फट राहते, म्हणून त्यांनी वर्तमान घेतलं असावं. पण मला पिक्थॉलांचा दुसरा भाग जास्त पटतो. जन्म ही झालेलीच गोष्ट असू शकते, तिचा नकार भूतातच शोभतो. पहिल्या भागाबद्दल मी अजून स्वतःशी भांडतो.

---

मृण्मयी_प

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनही वाक्यं दुरुस्त करून पाठवली, आणि ग्राहकाला चूक कळवली. आज त्याच विक्रेत्याचं दुसरं पत्र आलं आहे. त्यात हे वाक्य: "लम तउद अश्शरिका ततआमलु मअ हाझल मस्रफ." मस्रफ म्हणजे बँक. आद म्हणजे परतला, म्हणून मी लिहिलं, "कंपनी या बँकेशी व्यवहार करायला परतली नाही." मराठीतही विचित्र वाटतंय, म्हणून पाठवण्याआधी थांबले.

---

घाटावरचा

लम आहे म्हणजे भूतकाळ, त्यामुळे "द कंपनी डिड नॉट डील" असं असावं? पण या धाग्यानंतर आता खात्रीने म्हणवत नाही.

---

आखातवासी

हे मला माहीत आहे, रोज येतं. लम यउद म्हणजे "आता नाही". कंपनी पूर्वी त्या बँकेशी व्यवहार करत होती, आता करत नाही. "द कंपनी नो लाँगर डील्स विथ धिस बँक." लम आहे, पण इंग्रजीत वर्तमानच. मृण्मयी ताई, हे वाक्य महत्त्वाचं आहे. त्यांचं जुनं खातं बहुतेक बंद झालंय. तुमच्या ग्राहकाने रक्कम त्याच बँकेत पाठवली असेल तर पहिल्या पत्रातला गोंधळ तिथेच असू शकतो.

---

नह्वप्रेमी

अगदी बरोबर. आणि "लम यझल" दिसलं तर तिथेही थांबा. यझल म्हणजे सरणं, थांबणं. लम यझल यक्तुबु म्हणजे लिहिणं थांबलं नाही, अर्थात अजून लिहितोच आहे. नकार दिसतो, पण इंग्रजीत "स्टिल". तिथे "नॉट" लिहिलं की सगळं उलटं.

---

मृण्मयी_प

आखातवासी दादा, आत्ताच ग्राहकाला फोन केला. रक्कम जुन्या बँकेतच गेली आहे. ते आता पाठपुरावा करताहेत. पत्रात नवा खाते क्रमांक पुढच्या ओळीत आहे. त्या ओळीत "व यझाल अल-हिसाब अल-कदीम..." असं काहीतरी आहे, यझालच्या आधीचा शब्द छपाईत पुसला गेलाय. मूळ प्रत मागवली आहे.

---

नह्वप्रेमी

आली की इथे टाका. तो शब्द "ला" असेल तर जुनं खातं अजून चालू आहे असा अर्थ होईल, आणि मग वरचं "नो लाँगर" पुन्हा तपासावं लागेल.